‘तुझं लक्षच नसतं’ म्हणण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत प्रेरिका, लिपिका आणि ग्रामसंघांच्या पदाधिकाऱ्यांसमोर केलेलं बोलणं. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मला आज अर्धा तास दिलाय. विषय आहे, आपल्या हाताखाली काम करणाऱ्या नवीन मुलीला तिच्या कामाबद्दल कसं सांगायचं. हाताखाली हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण दुसरा पटकन सुचत नाही. तुमच्यापैकी कोणी प्रेरिका आहे आणि तिच्यासोबत नवीन लिपिका आली आहे. कोणी ग्रामसंघाची अध्यक्ष आहे आणि गटात नवीन सचिव निवडली आहे. तिचं कुठेतरी चुकतं, ते तुम्हाला दिसतं, आणि सांगायचंही असतं. मग होतं काय? एक तर आपण गप्प बसतो, नाहीतर एकदम फाडकन बोलतो. मी दुसऱ्या प्रकारातली. म्हणून माझ्याच चुकीपासून सुरुवात करते.

आपल्याच तालुक्यातल्या एका गावातला अकरा बायकांचा गट आहे. नाव सांगत नाही. बैठक दर गुरुवारी दुपारी दोन वाजता. तिथे एक नवीन लिपिका लागली, बारावी झालेली, लग्न होऊन वर्षभर झालेलं. अक्षर सुंदर. ५ तारखेच्या गुरुवारी बैठक झाली. बचत गोळा झाली आणि काहींनी कर्जाचे हप्तेही दिले. त्यात वरच्या आळीतल्या एका काकूंनी १,१०० रुपये दिले. त्यांनी गटातून १०,००० रुपये घेतले होते, महिना एक टक्का व्याजाने. म्हणजे १,००० मुद्दल आणि १०० व्याज. त्यांचा तो पहिलाच हप्ता.

गंमत अशी की या गटात एकाच नावाच्या दोघी आहेत, एक वरच्या आळीतली आणि एक खालच्या आळीतली. आणि लिपिकेने त्या दिवशी रकमा एका सुट्या कागदावर लिहून घेतल्या, नुसत्या पहिल्या नावाने. वही घरी नेली आणि रात्री कागदावरून वहीत उतरवली. उतरवताना काकूंचे १,१०० रुपये खालच्या आळीतल्या ताईंच्या खात्यावर गेले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या दिवशीची रोकड बरोबर जुळली होती. पेटीतले पैसे आणि वहीतली एकूण बेरीज यात रुपयाचा फरक नव्हता. त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. रक्कम चुकीच्या नावावर गेली तरी बेरीज बदलत नाही. ही चूक फक्त प्रत्येकीचं खातं तिच्या पासबुकाशी ताडून बघितलं तरच सापडते. आणि पासबुकं त्या दिवशी कोणीच भरून घेतली नव्हती. पुढच्या सकाळी मी त्या गावात गेले, वही बघितली, बेरीज बघितली आणि त्या पानावर सही करून मोकळी झाले.

१२ तारखेला सचिवताईंनी थकबाकी वाचली. काकूंचं नाव आलं. काकू उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अगं, मी शेळी विकून हप्ता भरलाय. तुमच्यासमोर दिले ना पैसे!” मग दुसरी म्हणाली, “माझं किती जमा आहे ते पण वाचा आता.” मग तिसरी. एका तासाची बैठक अडीच तास चालली. मी तिथेच बसले होते. माझ्या डोक्यात एकच विचार, की हे वर कळलं तर मला काय म्हणतील. आणि मी सगळ्यांसमोर लिपिकेला म्हटलं, “तुझं लक्षच नसतं कामात. हा काय खेळ आहे का? किती बेजबाबदारपणा हा!”

ती काही बोलली नाही. मान खाली घालून वहीचं पान उलटत राहिली.

१९ तारखेला ती आलीच नाही. वही आणि पेटीची किल्ली शेजारच्या मुलाच्या हाती पाठवून दिली.

आता बघा, मी जे बोलले त्यातून तिला काय कळलं? सुट्या कागदावर लिहू नये, हे मी सांगितलंच नाही. नाव एक असेल तर क्रमांक लिहावा, हेही नाही. तिला एवढंच कळलं की आपण बेजबाबदार आहोत, असं मॅडमचं मत आहे, आणि ते आता दहा घरांत पोचलंय. उद्या ती परत आली असती तरी तिने काय बदलायचं? काहीच कळलं नसतं. चूक तशीच राहिली असती आणि माणूस मात्र गेलं असतं.

त्या शनिवारी मी आमच्या जुन्या समन्वयक ताईंकडे गेले. त्यांची या कामात वीस वर्षं झाली आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुझ्या शिक्षणात एसबीआय शिकवलं नाही का?” मला वाटलं, बँकेचं काहीतरी विचारत आहेत. आपल्याला एसबीआय म्हटलं की स्टेट बँकच आठवते ना! पण हे वेगळं. अमेरिकेत सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप नावाची संस्था आहे, नेतृत्वाचं प्रशिक्षण देणारी. सहकाऱ्याला त्याच्या कामाबद्दल कसं सांगावं, यासाठी तिने ही पद्धत तयार केली. तीन पायऱ्या आहेत. आपल्या भाषेत मी त्यांना प्रसंग, वर्तन आणि परिणाम म्हणते.

प्रसंग म्हणजे कधी आणि कुठे. वर्तन म्हणजे त्या वेळी तिने काय केलं किंवा काय बोलली, जे तुम्ही स्वतः बघितलं किंवा ऐकलं. परिणाम म्हणजे त्यामुळे पुढे काय घडलं, कामाचं, बायकांचं आणि तुमचं स्वतःचं सुद्धा.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं. ताईंनी मला वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावलं, तेव्हा समजलं की सोपं नाही. माझी पहिली ओळ अशी होती:

“गुरुवारी बैठकीत तू निष्काळजीपणा केलास, म्हणून बायकांचा विश्वास उडाला.”

ताईंनी पेन घेतलं आणि तीन ठिकाणी रेघ मारली. कोणता गुरुवार? चूक ५ तारखेची, गोंधळ १२ तारखेचा. तू कशाबद्दल बोलतेस ते तिला कळायला हवं. निष्काळजीपणा? तो तुला दिसला का? कसा दिसतो तो? आणि विश्वास उडाला म्हणजे किती जणींचा? कोणी तसं म्हटलं?

मग त्यांनी मला एक खूण सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. त्या वेळी कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं असं समजायचं. त्या व्हिडिओत जे दिसेल आणि ऐकू येईल, तेच वर्तन. सुटा कागद व्हिडिओत दिसतो. वही बंद करून पिशवीत ठेवलेली दिसते. निष्काळजीपणा दिसत नाही. आळस, घमेंड, बेजबाबदारपणा, यातलं काहीच दिसत नाही. ते आपण आपल्या मनात जोडलेलं असतं. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्दही व्हिडिओत दिसत नाहीत, कारण व्हिडिओ एकाच दिवसाचा असतो.

मी दुसऱ्यांदा लिहिलं: “५ तारखेच्या बैठकीत तू नोंदी नीट केल्या नाहीस.”

ताई म्हणाल्या, तारीख आली, छान. पण ‘नीट केल्या नाहीस’ म्हणजे तिने काय केलं? तुला नीट म्हणजे काय वाटतं ते तुझ्या डोक्यात आहे, तिच्या डोक्यात नाही. तिला तर वाटत असेल की मी रात्री बसून सुंदर अक्षरात नीट लिहिलं.

आणि इथे मी अडले. कारण ५ तारखेच्या बैठकीत मी नव्हतेच. मी दुसऱ्या सकाळी वही बघितली होती. मग सुट्या कागदाचं मला कसं माहीत? १२ तारखेला गोंधळ झाला तेव्हा तिने पिशवीतून तो कागद काढून सर्वांना दाखवला, तेव्हा मी तो बघितला. आणि वही घरी नेल्याचं अध्यक्षताईंनी सांगितलं. म्हणजे अर्धं बघितलेलं, अर्धं ऐकीव. ताईंनी सांगितलं की ऐकीव गोष्ट वर्तन म्हणून सांगायची नाही. आधी तिलाच विचारायचं, असं झालं का? ती हो म्हणाली तर पुढे जायचं. नाहीतर आपण कोणाच्या तरी तोंडचं घेऊन तिच्यावर फेकतो, आणि मग सगळं बोलणं ‘कोणी सांगितलं तुम्हाला’ यावरच अडकतं. गावात हे कसं होतं ते तुम्हाला मी काय सांगू.

तिसऱ्यांदा लिहिलं, ते घेऊन सोमवारी, २३ तारखेला मी तिच्या घरी गेले. सासूबाईंनी चहा दिला. पण तिथे विषय काढला नाही. सासूसमोर सुनेच्या चुका काढणं म्हणजे १२ तारखेचीच गोष्ट पुन्हा केल्यासारखं. मी म्हटलं, “शाळेपर्यंत येतेस का माझ्याबरोबर?” शाळा सुटली होती. आम्ही वऱ्हांड्यात बसलो.

आधी मी माझं सांगितलं. तेही याच पद्धतीने. “१२ तारखेला बैठकीत मी सगळ्यांसमोर तुला बेजबाबदार म्हटलं. त्यानंतर तू बोलली नाहीस आणि पुढच्या गुरुवारी आली नाहीस. ते माझं चुकलं.” ती जमिनीकडे बघत होती, पण ऐकत होती.

मग विचारलं, “५ तारखेला तू रकमा त्या कागदावर लिहिल्यास आणि वही घरी जाऊन भरलीस, असं मी ऐकलं. तसंच झालं ना?” ती म्हणाली, “हो मॅडम.”

मग मी म्हटलं: “५ तारखेच्या बैठकीत पैसे गोळा होत असताना तू रकमा सुट्या कागदावर पहिल्या नावाने लिहिल्यास. बैठक संपताना वही वाचून न दाखवता ती घरी नेलीस. त्यामुळे वरच्या आळीतल्या काकूंचे १,१०० रुपये दुसऱ्या खात्यावर गेले. १२ तारखेला त्यांचं नाव थकबाकीत वाचलं गेलं आणि त्यांना सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की मी पैसे भरलेत. अजून दोघींनी आपापला जमा आकडा वाचायला लावला. बैठक अडीच तास चालली. आणि मी त्या पानावर न तपासता सही केली होती, म्हणून मलाही धास्ती वाटली.”

एवढंच. यात कुठेही ती कशी आहे असं नाही. ती काय करते आणि त्याने काय होतं, एवढंच आहे. परिणामही घडलेला सांगितला, भीतीचा नाही. ‘गट फुटेल’, ‘कर्ज मिळणार नाही’, असं मी म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, फुटला का? आणि तिचं बरोबर असतं. खरा परिणाम लहान असला तरी तो पुरतो. तिला एक हिशेब मात्र दाखवला. चूक तशीच राहिली असती तर पुढच्या महिन्यात काकूंचं व्याज ९,००० ऐवजी १०,००० वर निघालं असतं. ९० च्या ऐवजी १०० रुपये. दहा रुपयेच, पण न केलेल्या चुकीचे दहा रुपये, तेही शेळी विकून पैसे भरलेल्या बाईकडून.

त्यानंतर चौथी गोष्ट. पद्धत तीन पायऱ्यांची आहे, पण ताईंनी सांगितलं होतं की तिथे थांबू नकोस, कारण विचार. त्या वेळी तुझ्या मनात काय होतं, हे विचार. आणि विचारून गप्प बस. ‘का केलंस असं?’ असं विचारायचं नाही, कारण ‘का केलंस’ म्हटलं की समोरची लगेच बचावाला उभी राहते. मी विचारलं, “त्या वेळी कागदावर लिहावं असं तुला का वाटलं असेल, मला समजून घ्यायचंय.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, पहिल्या बैठकीत मी वहीत खाडाखोड केली तर दोघी हसल्या. म्हणाल्या, बारावी झालीय आणि हिला आकडे येईनात. आणि चार वाजले की सगळ्या उठतात, कोणाचं पाणी यायचं असतं, कोणाची गाय. माझ्याभोवती उभं राहून घाई करतात. म्हणून मी कागदावर लिहून घेते आणि घरी शांतपणे चांगल्या अक्षरात उतरवते. चांगलं दिसावं म्हणून.”

ताईंनो, मी जिला बेजबाबदार म्हटलं, ती रात्री दिव्याखाली बसून गटाची वही चांगली दिसावी म्हणून दुसऱ्यांदा लिहीत होती. आणि मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यात का लिहायचे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्याचं काम माझं होतं.

म्हणून विचारायचं. परिणाम खरा होता, तो मी मागे घेतला नाही. पण उपाय कुठे करायचा ते तिच्या उत्तरावरून कळलं. मी तिला नुसतं ‘कागदावर लिहू नकोस’ म्हटलं असतं, तर तिने वहीत लिहिलं असतं, बायका पुन्हा हसल्या असत्या आणि पुन्हा कागद आला असता.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. नोंद बैठकीतच, वहीतच करायची. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. खाडाखोड दिसली म्हणजे वही खराब झाली असं नाही, उलट काय बदललं ते दिसतं. नावाऐवजी सभासद क्रमांक आधी लिहायचा, मग नाव. हप्ता घेताना मोठ्याने म्हणायचं, ‘क्रमांक चार, मुद्दल एक हजार, व्याज शंभर,’ आणि लगेच पासबुकात लिहायचं. शेवटी अध्यक्षताई पेटी मोजतील आणि लिपिका प्रत्येकीची जमा वाचून दाखवेल. त्याआधी कोणी उठायचं नाही. ही शेवटची गोष्ट लिपिकेच्या हातातली नाही, म्हणून ती मी अध्यक्षताईंकडे मांडली. आपल्या पंचसूत्रीत नियमित लेखे हे पाचवं सूत्र आहे. पण लेखे फक्त लिपिकेचे नसतात, त्या अकरा जणी बसून राहिल्या तरच ते होतात.

आता तुम्ही घरी जाऊन हे करून बघाल तेव्हा काय चुकतं, ते सांगते. म्हणजे माझं जे चुकलं ते.

एक, उशीर. मी १२ तारखेला बोलायचं ते २३ तारखेला बोलले. नशीब की कागद तिच्याकडे होता, म्हणून दोघींना तोच प्रसंग आठवला. दोन-तीन दिवसांत बोललं पाहिजे. पण राग तापलेला असेल तर त्याच मिनिटाला नको. एक रात्र जाऊ द्यायची.

दोन, गाठोडं. आपण सांगायला बसलो की मागचं सगळं सोडतो. ‘आणि त्या महिन्यात पण तू असंच केलं होतंस, आणि त्या प्रशिक्षणाला पण उशिरा आलीस.’ एका वेळी एक प्रसंग. तीन प्रसंग सांगितले की ती एकही धरत नाही. तिला वाटतं, ही माझ्यावर आधीपासून डूख धरून होती.

तीन, चांगल्या कामाला ही पद्धत न वापरणं. आपण चुकीसाठी लांबलचक बोलतो आणि चांगल्यासाठी ‘छान केलंस गं’ म्हणून मोकळ्या होतो. ‘छान’ मध्येही काही दिसत नाही. पुढच्या महिन्यात मी त्याच लिपिकेला म्हटलं, “या गुरुवारी क्रमांक सातच्या ताई पैसे टाकून निघाल्या, तर तू त्यांना थांबवून विचारलंस, यातलं व्याज किती? त्यांनी मोजलं तर ५० रुपये कमी निघाले. ते तिथेच भरले आणि थकबाकी राहिली नाही.” ती हसली. पण खरी गोष्ट अशी की पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांनाच थांबवून विचारलं. तिला कळलं होतं की नेमकं कोणतं काम चांगलं झालं.

चार, मान. आपल्याकडे बऱ्याचदा नवीन म्हणजे वयाने लहान असं नसतं. मी २६ वर्षांची आणि माझ्या भागातल्या नवीन लिपिका ४० वर्षांच्याही आहेत. तिथे ‘ताई, परवाच्या बैठकीत तुम्ही’ असंच सुरू करते. पायऱ्या त्याच, पण ‘तुम्ही’ आणि ‘ताई’ सोडायचं नाही. आणि ‘तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला काय सांगणार’ असं म्हणून विषय टाळायचाही नाही. टाळलं की तेच आपण तिच्या माघारी दुसऱ्या कोणाजवळ तरी बोलतो.

आता एक मर्यादा, आणि ती महत्त्वाची आहे. ही पद्धत चुकीसाठी आहे, सवयीसाठी आहे. पैसे काढून घेतले असतील, खोटी सही असेल, तर शाळेच्या वऱ्हांड्यात बसून प्रसंग, वर्तन, परिणाम करायचं नाही. ते ग्रामसंघाच्या बैठकीत मांडायचं, वह्या तपासायला द्यायच्या आणि इतिवृत्तात लिहायचं. तसंच एकच गोष्ट तीन वेळा नीट सांगून, कारण विचारून, मदत देऊनही बदलली नाही, तर चौथ्यांदा सांगून काही होत नाही. तेव्हा काम बदलायचं की माणूस, हा निर्णय ग्रामसंघाचा आहे. आणि जिथे तिला ते काम शिकवलंच गेलं नाही, तिथे आधी शिकवायचं. न शिकवलेल्या गोष्टीवर वर्तन सांगत बसणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला हात कसे मारतोस म्हणून बोलण्यासारखं आहे.

शेवटी तुम्हाला एक काम देते. आज रात्री वहीच्या मागच्या पानावर तीन ओळी लिहा, कोणा एका सहकारिणीसाठी. पहिली ओळ ‘कधी, कुठे’. दुसरी ओळ ‘तिने काय केलं किंवा काय म्हणाली’. तिसरी ओळ ‘त्यामुळे काय झालं’. लिहून झालं की मोबाइलच्या व्हिडिओची खूण लावा. जे व्हिडिओत दिसणार नाही, त्याच्यावर रेघ मारा. माझ्या पहिल्या वाक्यात तीन रेघा होत्या. तुमच्या वाक्यात किती येतात ते पुढच्या बैठकीत सांगा.

आणि हो, ही पद्धत खालून वरही चालते, हे मला नंतर कळलं. गेल्या महिन्यात एका गुरुवारी त्या गटाची बैठक संपल्यावर ती लिपिका वही छातीशी धरून माझ्याजवळ आली. म्हणाली, “मॅडम, एक सांगू? मागच्या गुरुवारी तुम्ही तीन वाजता आलात. बैठक दोनची होती. तुम्ही येणार म्हणून अध्यक्षताईंनी सुरूच केली नाही. दोघी वाट बघून शेतावर गेल्या, त्यांची बचत राहिली.”

मी काही बोलणार होते. बसची, रस्त्याची अडचण सांगणार होते. मग गप्प बसले आणि ऐकून घेतलं. तिने सगळं बरोबर सांगितलं होतं. तारीख, वेळ, दोघी आणि राहिलेली बचत. शेवटी तिने विचारलंसुद्धा, “काय अडचण आली होती, मॅडम?”

आता त्या गावाला जायची बस मी एक आधीची धरते.